फ्रीस्टाइलमध्ये २५ मीटरलाच धाप लागते? श्वासाची लय बसवण्याची क्रमवार पद्धत

जमिनीवर अर्धा तास आरामात पळणारी माणसं तलावात २५ मीटर फ्रीस्टाइल पोहून भिंत धरतात आणि मग मिनिटभर त्यांना बोलता येत नाही. बहुतेकांना वाटतं की आपला दमसास कमी पडतो. मग ते जास्त जोरात पोहतात, श्वास जास्त वेळ रोखायचा सराव करतात, आणि धाप आणखी लवकर लागते. दोष सहसा फुप्फुसांत नसतो. श्वास कधी सोडायचा, कधी घ्यायचा आणि किती हातांनी घ्यायचा हा क्रम चुकलेला असतो.

हा लेख अशा पोहणाऱ्यांसाठी आहे, ज्यांना पाण्यावर तरंगता येतं, कशीबशी एक लेंथ जाता येतं, पण त्यापुढे जाता येत नाही.

## आधी नेमकं काय बिघडतं ते

नवशिक्याला पोहताना पाण्याखालून गॉगल लावून पाहिलं की एक गोष्ट लगेच दिसते: गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले आणि तोंडाजवळ एकही बुडबुडा नाही. तोंड पाण्यात असेपर्यंत तो श्वास धरून ठेवतो. मान वळवली की आधी साठलेली हवा बाहेर टाकतो, मग आत घ्यायला जातो. तोंड पाण्याबाहेर असतं जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद. त्यातला बराचसा वेळ सोडण्यातच जातो आणि घेतला जातो तो अर्धवट, वरवरचा श्वास. पुढच्या खेपेला तेच होतं.

गुदमरल्यासारखं वाटतं त्याचं कारणही समजून घ्या. एवढ्या कमी वेळात शरीरातला प्राणवायू संपलेला नसतो. श्वास रोखल्यामुळे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, तो रक्तात वाढतो, आणि मेंदू ‘श्वास घे’ असा तातडीचा इशारा देतो. म्हणजे घाबरं वाटतं ते हवा आत न आल्यापेक्षा बाहेर न गेल्यामुळे. म्हणूनच ‘मोठा श्वास घे’ हा सल्ला इथे फारसा कामाला येत नाही. आधी सोडायला शिकावं लागतं.

दुसरी गडबड लयीची आहे. एक उदाहरण आकड्यांत बघू. समजा एकाला २५ मीटरला २४ हात लागतात आणि वेळ लागतो ३० सेकंद. म्हणजे मिनिटाला ४८ हात. तो दर चौथ्या हाताला श्वास घेत असेल, तर मिनिटाला १२ श्वास झाले. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूसही मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. म्हणजे हा माणूस सगळं अंग हलवत, पाण्याचा विरोध कापत, बसल्या जागेइतक्याच श्वासांवर चाललाय. दर तिसऱ्या हाताला घेतला तर १६ होतात, तेही कमीच. दर दुसऱ्या हाताला, म्हणजे कायम एकाच बाजूला घेतला, तर २४ होतात. श्रमाच्या मानाने हा आकडा शरीराला परवडतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्याने दर दोन हातांनी, एकाच बाजूला श्वास घ्यावा. ‘दर तीन हातांनी घेतला नाही तर पोहणं चुकीचं’ असं अनेकांच्या मनात बसलेलं असतं. दोन्ही बाजूंना श्वास घेता येणं चांगलंच, पण ती नंतरची पायरी. १५०० मीटरची ऑलिंपिक विजेती केटी लेडेकीसुद्धा बहुतेक वेळ एकाच बाजूला श्वास घेते.

## तयारी

उथळ बाजू निवडा, जिथे पाय टेकवून उभं राहता येईल. पाणी खांद्याच्या खाली असावं. जीवरक्षक हजर असावा, आणि शक्यतो एक सोबती काठावर असावा. गॉगल गळका नको. डोळ्यांत पाणी गेलं की मान आपोआप वर उचलली जाते आणि सगळी मेहनत वाया जाते. पोटभर जेवून लगेच उतरू नका. दमा, हृदयविकार किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

उतरल्यावर पाच-सात मिनिटं हलकं चाला, खांदे फिरवा, तोंड बुडवून बाहेर काढा. थंड पाण्यात शिरल्या शिरल्या श्वास आपोआप भराभर होतो. तो शांत होईपर्यंत मोजमाप करू नका.

सावधान: पोहण्याआधी मुद्दाम भराभर खोल श्वास घेऊन ‘हवा भरून’ घेऊ नका. त्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. मग मेंदूचा इशारा उशिरा येतो आणि माणूस पाण्याखाली काही कळायच्या आत बेशुद्ध होऊ शकतो. श्वास रोखून लांब जाण्याच्या पैजाही याच कारणाने टाळा.

## पायरी १: आत्ताची स्थिती मोजा

नेहमीच्या पद्धतीने २५ मीटर पोहा. तीन गोष्टी लक्षात ठेवा: किती हात लागले, किती वेळा श्वास घेतला, आणि भिंत धरल्यावर एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता यायला किती श्वास गेले. ही तिसरी नोंद सगळ्यांत उपयोगी आहे. पूल लहान असेल तर त्याच्या लांबीवर मोजा, फक्त पुढच्या वेळीही तेवढंच अंतर ठेवा.

वेळेकडे आत्ता लक्ष देऊ नका. वेळ कमी करण्याच्या नादात हात भराभर मारले जातात आणि श्वासाचा विषय बाजूला पडतो.

## पायरी २: भिंतीपाशी श्वास सोडायला शिका

कठडा दोन्ही हातांनी धरा. तोंडाने श्वास घ्या, डोकं पूर्ण पाण्यात घ्या आणि लगेच नाकातोंडातून बुडबुडे सुरू करा. ‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आधी दोन सेकंद धरून मग सोडणं म्हणजे जुनीच सवय. ज्यांना नाकातून सोडायला भीती वाटते, त्यांनी तोंड मिटून ‘हं…’ असा लांब आवाज काढावा. आवाज चालू आहे तोवर हवा बाहेर जातेय, आणि बाहेर जाणारी हवा नाकात पाणी शिरू देत नाही.

सोडण्याचा वेग संथ, सलग. तोंड पाण्याबाहेर यायच्या अगदी आधी उरलेली हवा थोडी जोरात फुंका. त्यामुळे ओठांवरचं पाणीही उडतं. मग तोंड बाहेर, झटकन एक घोट हवा, पुन्हा आत. बाहेर असताना फक्त घ्यायचं, सोडायचं काहीच नाही.

हे दहा-दहाच्या तीन फेऱ्यांत करा. सुरुवातीला आत तीन सेकंद, बाहेर एक सेकंद. जमलं की आत दोन, बाहेर अर्धा-पाऊण. पोहताना साधारण हेच माप लागणार आहे.

इथे एक उलटी चूकही होते. काही जण एकदम सगळी हवा जोरात फुंकून टाकतात. छाती रिकामी झाली की अंग पाण्यात खाली जातं, आणि श्वासाची वेळ येईपर्यंत पुन्हा घाबरं होतं. छातीत थोडी हवा राहू द्यायची असते, तीच तुम्हाला तरंगवते. बुडबुड्यांची बारीक, अखंड माळ दिसली म्हणजे वेग बरोबर आहे.

तपासा: सलग २० वेळा केल्यावर श्वास पहिल्याइतकाच शांत आहे का? विसावी डुबकी घाईची होत असेल तर पुढे जाऊ नका. भिंत धरून उभं असतानाच दम लागत असेल, तर हातपाय मारताना तो लागणारच.

## पायरी ३: मान उचलायची नाही, वळवायची

आता कठडा एका हाताने धरा, तो हात लांब ताणलेला. दुसरा हात मांडीला लावलेला. पाय हलके मारत राहा. चेहरा खाली, बुडबुडे चालू. मग ज्या बाजूचा हात मांडीशी आहे त्या बाजूला खांदा, कंबर आणि मान एकत्र वळवा. गाल पाण्यावर टेकलेलाच राहतो. एक गॉगल पाण्यात, एक बाहेर.

डोकं वर उचललं की काय होतं ते इथेच अनुभवून बघा. एकदा मुद्दाम पुढे बघून श्वास घ्या. कंबर आणि पाय लगेच खाली जातील. पोहताना हेच प्रत्येक श्वासाला होतं. पाय बुडाले की अंग तिरकं होतं, पाण्याचा विरोध वाढतो, मग पाय जोरात मारावे लागतात. मांड्यांचे स्नायू मोठे असतात आणि हवाही भरपूर खातात. म्हणजे एक श्वास मिळवण्यासाठी डोकं वर काढलं आणि त्यातून जास्तीचा खर्च अंगावर घेतला, असा व्यवहार होतो.

‘तोंड एवढं खाली ठेवलं तर पाणी जाणार नाही का?’ ही भीती स्वाभाविक आहे. पुढे सरकताना डोक्यासमोर पाण्याची लाट उठते आणि गालाच्या बाजूला पातळी थोडी खाली जाते. तोंड त्या खळग्यात उघडायचं. भिंतीपाशी हालचाल नसल्याने तो खळगा तयार होत नाही, म्हणून इथे तोंड जरा जास्त वळवावं लागेल. पोहायला लागल्यावर वळण कमी करा.

मग कठडा सोडा. एक हात पुढे ताणून, दुसरा मांडीला लावून, पायांच्या जोरावर आठ-दहा मीटर जा. दर तीन-चार सेकंदांनी वळून श्वास घ्या. पुढचा हात श्वास घेताना खाली दाबला जातोय का, याकडे बघा. जवळजवळ सगळ्यांचा दाबला जातो, कारण शरीर आधार शोधतं. हात दाबला की आधार तिथेच संपतो आणि तोंड पाण्यात जातं. नाकातोंडात पाणी जाण्याच्या बहुतेक प्रसंगांत दोष या पुढच्या हातात असतो, मानेत नसतो.

सावधान: ठसका लागला तर पोहणं थांबवा, पाय टेकवा, पूर्ण खोकून घ्या. ठसका दाबत लेंथ पूर्ण करायचा हट्ट करू नका.

## पायरी ४: हात आणि श्वास यांची वेळ जुळवा

समजा तुम्ही उजवीकडे श्वास घेता. डावा हात पुढे पाण्यात शिरून ताणला जातो, त्याच वेळी उजवा हात पोटाखालून मागे ढकलत असतो. अंग उजवीकडे वळायला लागतं. मान त्या वळणाबरोबर निघते. उजवा हात मांडीपाशी पाण्याबाहेर येतो तेव्हा तोंडही बाहेर असलं पाहिजे. हात हवेतून खांद्याच्या रेषेपर्यंत येतो तोवर श्वास घेऊन झालेला हवा. हात पुढे पाण्यात शिरण्याआधी चेहरा परत खाली, आणि बुडबुडे लगेच सुरू.

बहुतेकांची मान उशिरा निघते. हात हवेत गेल्यावर आठवण होते, ‘अरे, श्वास!’ तोवर अंग परत उलट्या बाजूला वळायला लागलेलं असतं, म्हणून मग मान एकटीच मुरगळावी लागते. श्वास उशिरा होतो, तोंड बाहेर जास्त वेळ राहतं, पुढचा हात कोसळतो. मान लवकर निघाली तर बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं.

सराव असा: भिंतीला पाय लावून हलका धक्का मारा, सहा हात मारा, दर दुसऱ्या हाताला श्वास घ्या, म्हणजे तीन श्वास, आणि उभे राहा. पूर्ण शांत झाल्यावर पुन्हा. सहाच हात, कारण चांगले सहा हात शिकायचे आहेत. बिघडलेले चोवीस मारून काही मिळत नाही. मनात म्हणायचं असेल तर ‘सोड… सोड… घे’ पुरेसं आहे.

पहिल्या श्वासासाठी थांबू नका. धक्का मारून निघाल्यावर पाच-सहा हात बिनश्वासाने जायचं आणि मग सुरू करायचं, ही सवय फार जणांना असते. दुसऱ्या हाताला पहिला श्वास घ्या, गरज वाटो न वाटो. गरज जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो, आणि मागे पडलेला श्वास पोहता पोहता भरून काढणं नवशिक्याला जमत नाही.

तपासा: तिसरा श्वास पहिल्याइतकाच सहज वाटला का? तोंड उघडल्यावर हवा आत आली, की आधी बाहेर गेली? बाहेर गेली असेल तर पायरी २ वर परत या. यात कमीपणा नाही, क्रमच तो आहे.

## पायरी ५: एक लेंथ, पण संथ

आता २५ मीटर. आपल्या उदाहरणातला माणूस घेऊ: २४ हात, ३० सेकंद. त्याने हात तेवढेच ठेवायचे आणि वेळ ३६ सेकंदांवर न्यायचा. मिनिटाला ४० हात होतात. दर दोन हातांची एक फेरी तीन सेकंदांची. त्यात तोंड बाहेर पाऊण सेकंदाच्या आसपास, उरलेला सगळा वेळ सोडायला. मिनिटाला २० श्वास. आकडा आधीच्या २४ पेक्षा कमी आहे, पण श्रमही कमी झालेत आणि प्रत्येक श्वास आता पुरा होतोय.

वेग कमी करायचा म्हणजे हात हवेत रेंगाळवायचा नाही. पुढे शिरलेला हात क्षणभर ताणलेला राहू द्या, मग ओढा. पाय अंग सपाट ठेवण्यापुरतेच, हलके. पायांनी फेस उडत असेल तर तुम्ही हवा जाळताय. घोट्यातून सैल, पाण्याच्या पृष्ठभागाखाली राहणारी किक पुरते.

लेंथच्या मध्यावर लय तुटली तर? बहुतेक जण इथे घाबरून हात वाढवतात. त्याऐवजी पुढच्या दोन फेऱ्या फक्त बुडबुड्यांकडे लक्ष द्या. श्वास अपुरा वाटण्याचं पहिलं कारण अपुरं सोडणं हेच असतं. तरीही सुधारलं नाही तर पाय टेकवा किंवा लेनची दोरी धरा. खोल पाण्यात असाल तर उताणे होऊन तरंगा, श्वास सावरा, मग काठाकडे या.

## पायरी ६: विश्रांती सेकंदांत नाही, श्वासांत मोजा

आठ लेंथ करायच्या, प्रत्येकीनंतर भिंतीपाशी थांबून. किती थांबायचं? घड्याळाकडे बघण्यापेक्षा शांत श्वास मोजा. पहिल्या आठवड्यांत १० श्वास. आठही लेंथ सारख्या झाल्या, शेवटच्या लेंथला हातांची संख्या दोन-तीनपेक्षा जास्त वाढली नाही, आणि थांबल्यावर वाक्य बोलता आलं, तर पुढच्या वेळी ८ श्वास. मग ६, मग ४.

हातांची संख्या हा खरा पहारेकरी आहे. पहिल्या लेंथला २४ आणि सहाव्या लेंथला ३१ झाले, तर तुम्ही पोहत नाही, पाणी चाळवताय. तिथेच थांबा आणि त्या दिवशी विश्रांती दोन श्वासांनी वाढवा. दमलेल्या अंगाने केलेल्या लेंथ चुकीची वेळ पक्की करतात.

४ श्वासांच्या विश्रांतीवर आठ लेंथ जमल्या की ५० मीटर सलग करून पाहा. इथे नवीन अडचण येते ती भिंतीपाशी. शेवटच्या दोन-तीन हातांत लोक श्वास घेणं सोडून देतात, ‘आता भिंत आलीच’ म्हणून. मग वळून धक्का मारताना छाती रिकामी, आणि दुसरी लेंथ सुरुवातीपासूनच उसन्या हवेवर. भिंतीच्या आधीचा श्वास चुकवू नका. हाताने भिंत धरून वळताना तोंड बाहेर असतं, तिथे एक पूर्ण श्वास घ्या. धक्का मारताच बुडबुडे सुरू, पाण्याखाली लांब सरकत बसू नका, दुसऱ्या हाताला श्वास.

५० मीटरच्या चार फेऱ्या, मध्ये ८ श्वास. जमलं की ६ श्वास. त्यानंतर १०० मीटरकडे जाताना वेग वाढवू नका, अंतरच वाढवा. पहिले ५० मुद्दाम कंटाळवाणे वाटतील इतके संथ ठेवा. नवशिक्याचे १०० मीटर पहिल्या २५ मध्येच बिघडतात, कारण ताजेपणात हात भराभर पडतात आणि त्याचं बिल तिसऱ्या लेंथला येतं.

तपासा: पायरी १ मधली मोजणी पुन्हा करा. २५ मीटरनंतर वाक्य बोलायला पूर्वी पंधरा श्वास जात असतील आणि आता चार-पाच जात असतील, तर लय बसली. आकडा हलला नसेल तर अंतर वाढवणं थांबवा आणि कुणालातरी पाण्याखालून तुमचे बुडबुडे बघायला सांगा. ‘मी सोडतोय’ असं वाटणं आणि खरंच सोडणं यांत बराच फरक असतो.

## पायरी ७: दुसरी बाजू आणि दर तीन हात

सतत एकाच बाजूला श्वास घेतल्याने काहींचा एक खांदा जास्त राबतो आणि पोहण्याची रेष वाकडी होते. त्यावर सोपा उपाय म्हणजे एक लेंथ उजवीकडे, एक लेंथ डावीकडे, दोन्ही दर दोन हातांनीच. हवा तेवढीच मिळते, दोन्ही बाजू तयार होतात. नावडत्या बाजूला सुरुवातीला पाणी जाईल. तेव्हा पायरी ३ मधला कठड्याचा सराव त्या बाजूने करा.

सलग २०० मीटर आरामात होऊ लागले की दर तिसऱ्या हाताचा प्रयोग करा. संथ वेगात काहींना तो मानवतो, काहींना कधीच नाही, आणि दोन्ही ठीक आहे. मिनिटाला ४० हातांवर दर तीन म्हणजे मिनिटाला जेमतेम १३ श्वास, हे विसरू नका. सगळी लेंथ तीनवर न नेता दोन-दोन-तीन अशी मिसळ करून बघा. बाजूही बदलते आणि हवाही फार कमी होत नाही. धाप वाढली किंवा तोंड बाहेर आल्यावर घाईघाईने हवा ओढावीशी वाटली, तर पुढच्या भिंतीपासून परत दोनवर या.